टक्केवारींची सरासरी आणि एकूण गुणांची टक्केवारी: संचित सरासरीचा पडताळा

प्रश्न: माझ्या गुणपत्रकावर दोन सत्रांची मिळून संचित सरासरी ६८.११ टक्के छापली आहे. मी दहाही विषयांची टक्केवारी काढून तिची सरासरी घेतली, तर ती ७१.३० येते. पहिल्या सत्रात लेखी विषयांत १०० पैकी ६२, ५८ आणि ६७, प्रात्यक्षिकात ५० पैकी ४४ आणि तोंडी परीक्षेत २५ पैकी २३ गुण आहेत. दुसऱ्या सत्रात लेखी विषयांत १०० पैकी ६४ आणि ५५, ७५ गुणांच्या विषयात ५१, प्रात्यक्षिकात ५० पैकी ४३ आणि प्रकल्पात २०० पैकी १४६ गुण आहेत. माझे तीन टक्के कोठे गेले? दुरुस्तीसाठी अर्ज करावा का?

उत्तर:

गुणपत्रकावरील आकडा बरोबर आहे आणि तुम्ही दिलेल्या गुणांवरून तो कागदावर दोन बेरजा करून सिद्ध होतो. पहिल्या सत्रात तुमच्या गुणांची बेरीज २५४ आणि कमाल गुणांची बेरीज ३७५ आहे. दुसऱ्या सत्रात या बेरजा अनुक्रमे ३५९ आणि ५२५ आहेत. दोन्ही सत्रे मिळून तुम्हाला ९०० पैकी ६१३ गुण आहेत. ६१३ ला ९०० ने भागून शंभराने गुणले की ६८.१११... येते आणि दोन दशांश स्थळांपर्यंत ते ६८.११ होते. त्यामुळे अर्ज करण्याचे कारण दिसत नाही. तरीही ७१.३० हा आकडा कसा तयार झाला हे नीट समजून घ्यावे असे मी सुचवेन, कारण हीच गफलत पुढच्या प्रत्येक सत्रात पुन्हा होऊ शकते आणि कधीकधी ती छापील पत्रकातही झालेली असते.

आधी दोनच विषय घेऊ. तोंडी परीक्षेत २५ पैकी २३ म्हणजे ९२ टक्के आणि एका लेखी विषयात १०० पैकी ५८ म्हणजे ५८ टक्के. या दोन टक्केवारींची सरासरी ७५ येते. आता हे दोन विषय मिळून १२५ गुणांचे आहेत आणि १२५ चे ७५ टक्के म्हणजे ९३.७५ गुण. तुमच्या पदरात मात्र २३ अधिक ५८, म्हणजे ८१ गुणच पडलेले आहेत. वरचे १२.७५ गुण कोणत्याही उत्तरपत्रिकेवर दिलेले नाहीत. ते केवळ आकडेमोडीच्या पद्धतीने निर्माण झाले. १२५ पैकी ८१ ची खरी टक्केवारी ६४.८ आहे.

असे होते, कारण टक्केवारी काढताना प्रत्येक विषय आपण शंभर गुणांचा करून टाकतो. तोंडी परीक्षेचे २३ गुण चौपट होऊन ९२ होतात, प्रात्यक्षिकाचे ४४ दुप्पट होऊन ८८ होतात, आणि प्रकल्पाचे १४६ गुण मात्र निम्मे होऊन ७३ उरतात. त्यानंतर सरासरी घेणे म्हणजे दहा विषयांची, प्रत्येकी शंभर गुणांची, एक हजार गुणांची परीक्षा झाली असे मानणे होय. तुमचे ७१.३० म्हणजे त्या काल्पनिक १००० पैकी ७१३ गुण. प्रत्यक्षात परीक्षा ९०० गुणांची झाली आणि त्यांची वाटणीही वेगळी होती.

याचा परिणाम एका गुणाच्या पातळीवर पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. तुमच्या पद्धतीत तोंडी परीक्षेतील एक जादा गुण त्या विषयाची टक्केवारी ४ ने वाढवतो आणि दहा विषयांच्या सरासरीत ०.४० ची भर घालतो. प्रकल्पातील एक जादा गुण मात्र विषयाची टक्केवारी अर्ध्यानेच वाढवतो आणि सरासरीत ०.०५ ची भर घालतो. म्हणजे तोंडी परीक्षेचा एक गुण प्रकल्पाच्या आठ गुणांच्या तोडीचा ठरतो. एकूण गुणांच्या पद्धतीत कोणत्याही विषयातील एक गुण म्हणजे ९०० पैकी एक, अर्थात ०.१११ टक्के, तो कोठे मिळाला याने काही फरक पडत नाही.

आता तुमचे नेमके ३.१९ टक्के कोठून आले ते पाहू. साध्या सरासरीत प्रत्येक विषयाचा वाटा दहा टक्के असतो. कमाल गुणांनुसार तोंडी परीक्षेचा खरा वाटा ९०० पैकी २५, म्हणजे २.७८ टक्के आहे, तिला ७.२२ टक्के वाटा फुकट मिळाला. या विषयातील तुमची टक्केवारी ७१.३० या साध्या सरासरीपेक्षा २०.७ ने वर आहे, आणि २०.७ चे ७.२२ टक्के म्हणजे जवळजवळ १.५०. फरकाचा निम्म्याच्या आसपास भाग या एका छोट्या परीक्षेतून आला. दोन प्रात्यक्षिकांचा खरा वाटा प्रत्येकी ५.५६ टक्के असताना त्यांनाही दहा टक्के मिळाले, आणि तेथील ८८ व ८६ टक्क्यांमुळे अनुक्रमे ०.७४ आणि ०.६५ ची भर पडली. या तीन विषयांची मिळून भर २.८९ होते. उरलेली ०.३० ची भर बाकीच्या सात विषयांतील वजाबेरजेतून येते: शंभर गुणांच्या विषयांचा वाटा ११.११ वरून दहावर उतरल्याने त्यांतील कमी गुणांचा भार हलका झाला, तर ७३ टक्क्यांच्या प्रकल्पाचा वाटा २२.२२ वरून दहावर आल्याने थोडी घट झाली.

यावरून एक उपयुक्त गोष्ट कळते. लहान कमाल गुणांच्या विषयांत टक्केवारी जास्त आणि मोठ्या विषयांत कमी असेल, तर टक्केवारींची सरासरी खऱ्या आकड्याच्या वर जाते. याच्या उलट असेल तर ती खाली येते. दोन्हींत काही संबंध नसेल तर ती योगायोगाने खऱ्या आकड्याच्या अगदी जवळही पोहोचते. प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षा बहुधा लहान असतात आणि त्यांत गुण सढळ मिळतात, म्हणून ही चूक सहसा विद्यार्थ्याला सुखावणाऱ्या दिशेने होते आणि म्हणूनच ती चटकन लक्षात येत नाही. सर्व विषयांचे कमाल गुण समान असतील तेव्हा मात्र दोन्ही पद्धतींचे उत्तर तंतोतंत एकच येते. ज्यांनी आजवर प्रत्येक विषय १०० गुणांचा असलेलीच पत्रके पाहिली, त्यांची सवय तेथे कधीही चुकीची ठरत नाही. ती पहिल्यांदा फसते ती २५ किंवा ५० गुणांचा विषय आल्यावर.

पडताळ्याची सुरुवात मी नेहमी आकडेमोडीशिवाय करता येणाऱ्या एका तपासणीने करतो. संचित सरासरी ही सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सत्र-टक्केवारीच्या दरम्यानच असायला हवी. तुमच्या पहिल्या सत्राची टक्केवारी ३७५ पैकी २५४ म्हणजे ६७.७३ आणि दुसऱ्याची ५२५ पैकी ३५९ म्हणजे ६८.३८ आहे. दोन्ही सत्रांत ६८.३८ च्या वर कधीच न गेलेल्या विद्यार्थ्याची दोन्ही मिळून सरासरी ७१.३० होऊच शकत नाही. पत्रकावर सत्रांची टक्केवारी छापलेली असेल तर ही तपासणी एका दृष्टिक्षेपात होते.

दुसरी तपासणी उलट दिशेने करायची असते. छापलेल्या सरासरीला एकूण कमाल गुणांनी गुणावे आणि शंभराने भागावे; उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवे, कारण एकूण गुण पूर्णांकात असतात. ६८.११ ला ९०० ने गुणून शंभराने भागले तर ६१२.९९ येते, म्हणजे ६१३. ७१.३० घेऊन तेच केले तर ६४१.७ येते. पूर्ण गुणच दिले जातात अशा परीक्षेत ६४१.७ ही बेरीज शक्य नाही, त्यामुळे हा आकडा ९०० गुणांच्या बेरजेतून आलेला नाही हे मूळ गुण न पाहताही सांगता येते. या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेल्या आकड्यात ०.००५ टक्क्याची तफावत पूर्णांकनामुळे येऊ शकते. ९०० गुणांवर ती ०.०४५ गुण होते. म्हणून उत्तर पूर्णांकापासून ०.०४५ पेक्षा अधिक दूर असेल तरच शंका घ्यावी. चुकीच्या पद्धतीने काढलेला आकडाही अकरांतून साधारण एकदा निव्वळ योगायोगाने या कसोटीत उतरेल. आणि सरासरी एकाच दशांश स्थळापर्यंत छापली असेल तर तफावतीची मर्यादा ०.४५ गुणांपर्यंत जाते, तेव्हा ही कसोटी निरुपयोगी ठरते. अर्धे गुण दिले जात असतील तर अर्थातच पूर्णांकाऐवजी अर्ध्याच्या पटीत उत्तर यायला हवे.

सत्रांच्या पातळीवर हीच चूक अधिक बेमालूमपणे होते. प्रत्येक सत्राची टक्केवारी बरोबर काढली आणि मग त्या दोन टक्केवारींची सरासरी घेतली, तर तुमच्या बाबतीत ६८.०६ येते. खऱ्या ६८.११ पेक्षा ते फक्त ०.०५ ने कमी आहे, आणि एवढा फरक लोक पूर्णांकनाचा म्हणून सोडून देतात. तो पूर्णांकनाचा नाही. ३७५ गुणांच्या सत्राला आणि ५२५ गुणांच्या सत्राला समान वाटा दिल्यामुळे तो आला आहे, आणि येथे तो लहान दिसतो तो केवळ दोन्ही सत्रांची टक्केवारी जवळजवळ असल्यामुळे. वरची कसोटी लावली की ६८.०६ उघडे पडते: ९०० चे ६८.०६ टक्के ६१२.५४ होतात.

याहून मोठा घोळ तिसरे सत्र आल्यावर होतो. समजा, तिसऱ्या सत्रात ३०० पैकी २४६ गुण, म्हणजे ८२ टक्के मिळाले. जुनी संचित सरासरी ६८.११ आणि नवी टक्केवारी ८२ यांची बेरीज करून दोनाने भागण्याचा मोह होतो आणि ७५.०६ असे उत्तर येते. खरे उत्तर १२०० पैकी ८५९, म्हणजे ७१.५८ आहे. दोनाने भागताना ३०० गुणांच्या एका सत्राला आधीच्या ९०० गुणांइतका मान दिला गेला. यासाठी माझी शिफारस अशी की स्वतःच्या वहीत टक्केवारी पुढे नेऊच नये. मिळालेल्या गुणांची आणि कमाल गुणांची अशा दोन चालू बेरजा पुढे न्याव्यात. टक्केवारी लागेल तेव्हा त्यांवरून काढावी आणि पूर्णांकन फक्त त्या शेवटच्या आकड्यावर करावे.

संगणकावरील तक्त्यात हे करायचे असल्यास मिळालेले गुण B स्तंभात आणि कमाल गुण C स्तंभात ठेवावेत. पहिले सूत्र संचित सरासरी देते. दुसऱ्या सूत्रासाठी D स्तंभात विषयवार टक्केवारी काढावी लागते. प्रत्येक टक्केवारीला तिच्या कमाल गुणांचा भार देऊन काढलेली ही भारित सरासरी पहिल्या सूत्राशी तंतोतंत जुळली पाहिजे.

```
=SUM(B2:B11)/SUM(C2:C11)*100
=SUMPRODUCT(D2:D11,C2:C11)/SUM(C2:C11)
=COUNT(B2:B11)
```

तिसरे सूत्र आवर्जून वापरावे. दुसरीकडून चिकटवलेले गुण कधीकधी तक्त्यात अंक म्हणून न बसता मजकूर म्हणून बसतात. दिसायला ते अंकच दिसतात, पण SUM त्यांना कोणतीही सूचना न देता वगळते. मिळालेल्या गुणांची बेरीज कमी भरते आणि कमाल गुणांची पूर्ण राहते. दहा विषयांसाठी COUNT चे उत्तर १० आले नाही तर पुढचे काहीही न पाहता आधी ते दुरुस्त करावे. D स्तंभावर AVERAGE हे सूत्र लावणे म्हणजे तुम्ही हाताने केलेली चूक तक्त्याकडून करवून घेणे आहे, आणि तक्त्यांत ती सर्वाधिक आढळते, कारण टक्केवारीचा स्तंभ समोर तयारच असतो.

पद्धत बरोबर असूनही छापील आकडा चुकू शकतो, आणि माझ्या अनुभवात ती चूक बहुतेक वेळा अंशात नसून छेदात असते. मिळालेल्या गुणांकडे प्रत्येकाचे लक्ष असते. कमाल गुणांची बेरीज मात्र कोणी पुन्हा करत नाही. येथे एक सोपी युक्ती आहे. आपल्या खात्रीच्या एकूण गुणांना छापलेल्या सरासरीने भागून शंभराने गुणावे, म्हणजे छपाईच्या वेळी वापरलेला छेद समोर येतो. तुमच्या पत्रकावर ६८.११ ऐवजी ६४.५३ छापले असते असे धरू. ६१३ ला ०.६४५३ ने भागले तर ९४९.९५ येते, म्हणजे छेद ९५० धरला गेला. जादा ५० कोठून आले हे मग शोधता येते. ज्या विषयातून सूट मिळाली किंवा ज्याचे गुण सरासरीत धरायचेच नसतात असा ५० गुणांचा एखादा विषय नोंदीत राहून गेलेला असतो.

सूट आणि गैरहजेरी यांत गल्लत होऊ देऊ नये. सूट मिळालेला विषय अंशातून आणि छेदातून, दोन्हींतून वगळायचा असतो. गैरहजर राहिलेल्या विषयाचे गुण शून्य धरले जातात, पण नियमात वेगळे सांगितले नसेल तर त्याचे कमाल गुण छेदात राहतात. पुनर्परीक्षेच्या बाबतीत जुना प्रयत्न काढून नवा ठेवायचा की दोन्ही मोजायचे हे नियम ठरवतो. तुमच्या ५८ गुणांच्या विषयात पुन्हा बसून ७१ मिळाले असते तर पहिल्या रीतीने ९०० पैकी ६२६, म्हणजे ६९.५६ आले असते आणि दुसऱ्या रीतीने १००० पैकी ६८४, म्हणजे ६८.४०. जुने गुण काढायचे आणि त्यांचे कमाल गुण ठेवायचे, असे अर्धवट मात्र कोणत्याही नियमात बसत नाही. आणखी एक जागा तपासावी: विषय अंतर्गत २० आणि लेखी ८० असा विभागलेला असेल तर पत्रकात २०, ८० आणि १०० असे तीन आकडे छापले जातात, आणि सरसकट बेरीज घेतली की तो विषय दोनदा मोजला जातो.

एकूण गुणांची पद्धत केव्हा लागू होत नाही हेही तुम्हाला माहीत असावे. कमाल गुण हेच विषयाचे ठरवलेले वजन असेल तेव्हाच ती बरोबर आहे. जेथे प्रत्येक विषयाला श्रेयांक दिलेले असतात आणि सरासरी श्रेयांकांनुसार काढावी असा नियम असतो, तेथे २०० गुणांचा प्रकल्प आणि १०० गुणांचा लेखी विषय यांना समान श्रेयांक असू शकतात; अशा वेळी गुणांची सरळ बेरीज प्रकल्पाला दुप्पट वजन देईल आणि तीच चुकीची ठरेल. तेथे प्रत्येक टक्केवारीला श्रेयांकांनी गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी आणि एकूण श्रेयांकांनी भागावे. उदाहरणादाखल तुमच्या सहा लेखी विषयांना प्रत्येकी ४, प्रात्यक्षिकांना प्रत्येकी २, तोंडीला १ आणि प्रकल्पाला ४ असे एकूण ३३ श्रेयांक धरले, तर गुणाकारांची बेरीज २२२८ होते आणि सरासरी ६७.५२ येते. पत्रकामागे श्रेयांकांचा स्तंभ असेल आणि नियमात त्यांनुसार सरासरी काढण्याचा उल्लेख असेल, तर अर्ज करताना ७१.३० चा नव्हे, तर त्या श्रेयांकांनुसार येणाऱ्या आकड्याचा आधार घ्यावा लागेल. तसा उल्लेख नसेल, तर ९०० पैकी ६१३ हीच तुमची नोंद आहे आणि ६८.११ कायम राहील.